टाइल बसण्याआधीचा अर्धा तास

नव्या बाथरूममध्ये पाण्याचे पाइप आता भिंतीवर दिसत नाहीत. भिंतीला खाच पाडून पाइप आत बसवायचे, वरून प्लास्टर करायचे आणि त्यावर टाइल लावायची, हीच पद्धत मुंबई-पुण्यातल्या फ्लॅटपासून तालुक्याच्या गावातल्या बंगल्यापर्यंत रूढ झाली आहे. उघडा पाइप गळला तर त्याच दिवशी कळतो आणि पाना घेऊन दुरुस्त करता येतो. गाडलेला पाइप गळला तर पाणी आधी विटांमध्ये मुरते, मग शेजारच्या खोलीच्या रंगाला पापुद्रे सुटतात, खालच्या घरातल्या स्लॅबवर ओलीचा डाग उमटतो. गळती नेमकी कुठे आहे हे शोधताना चांगल्या टाइल फोडाव्या लागतात, आणि त्या रंगाच्या टाइल तोवर बाजारात मिळेनाशा झालेल्या असतात. पाइप बसवून झाले आहेत आणि भिंत अजून उघडी आहे, हा काळ म्हणूनच सगळ्या कामातला निर्णायक काळ असतो. त्या वेळी पाइपलाइनवर दाब देऊन घेतलेली चाचणी काय सांगते, आणि कधी फसवते, हे समजून घ्यायचे तर पाइप कसे फिरवले आणि कशाचे घेतले इथपासून सुरुवात करावी लागते.

उदाहरणासाठी तळमजला अधिक चार मजल्यांची एक इमारत घेऊ. गच्चीवर टाकी आहे आणि दुसऱ्या मजल्यावर आठ फूट बाय पाच फुटांचे बाथरूम आहे. त्यात शॉवर आणि खालचा नळ चालवणारा डायव्हर्टर, बेसिन, कमोडची टाकी, हेल्थ फॉसेट आणि गीझर एवढ्या गोष्टींना पाणी द्यायचे आहे. बाहेरच्या दोन भिंती जाड विटांच्या आहेत, तर बेडरूमच्या बाजूची भिंत अर्ध्या विटेची, म्हणजे साधारण चार इंची.

अशा बाथरूममध्ये बहुतेक प्लंबर जमिनीपासून दोन-अडीच फुटांवर चारही भिंतींना आडवी खाच पाडतात आणि तिथूनच सगळ्या नळांना फाटे काढतात. पाइप कमी लागतो आणि काम लवकर उरकते, पण भिंतीच्या दृष्टीने ही पद्धत वाईट आहे. बांधकामातला जुना दंडक असा, की उभी खाच भिंतीच्या जाडीच्या एक तृतीयांशापेक्षा आणि आडवी खाच एक षष्ठांशापेक्षा खोल नसावी. आडवी खाच विटांचा अख्खा थर कापत जाते, म्हणून तिची मर्यादा निम्म्याने कडक. चार इंची भिंतीत आडव्या खाचेला जेमतेम १७ ते १९ मिलिमीटर खोली मिळते. पाऊण इंची सीपीव्हीसी पाइपचा बाहेरचा व्यासच २२ मिलिमीटर असतो, त्यावर प्लास्टरचे आवरण वेगळे. म्हणजे हा पाइप त्या भिंतीत नियमाने आडवा बसूच शकत नाही. उभ्या खाचेला मात्र ३५ मिलिमीटरच्या आसपास जागा मिळते आणि तिच्यात तो नीट मावतो.

यावरचा उपाय म्हणजे मुख्य पाइप छताजवळून फिरवणे. आपल्या बाथरूममध्ये डक्टमधून येणारी थंड पाण्याची लाइन साडेसात फुटांवर आत येते. आत येताच तिच्यावर एक बॉल व्हॉल्व्ह बसतो, म्हणजे या एका बाथरूमचे पाणी बाकी घर न अडवता बंद करता येते. तिथून लाइन फॉल्स सीलिंगच्या वर, क्लॅम्पने धरलेली, उघडीच फिरते आणि प्रत्येक नळाच्या डोक्यावरून सरळ खाली उतरते. गीझरमधून निघालेली गरम पाण्याची लाइन तशीच वर जाऊन डायव्हर्टर आणि बेसिनवर उतरते. पाइप थोडा जास्त लागतो. या मांडणीत तो सगळा मिळून सुमारे २० मीटर होतो, पण निम्मे सांधे भिंतीबाहेर राहतात. दुसरा फायदा पुढे अनेक वर्षे मिळतो. पाइप फक्त नळाच्या उभ्या रेषेत आहे हे एकदा ठरले, की आरसा किंवा टॉवेल रॉड लावायला येणाऱ्या माणसाला ड्रिल कुठे चालवायचे नाही हे नुसते नळाकडे पाहून कळते.

कॉलम, बीम किंवा स्लॅब मात्र पाइपसाठी कधीही फोडू नये. वाटेत कॉलम आला तर पाइप वळवून न्यायचा, किंवा तेवढ्या भागात प्लास्टरची जाडी वाढवायची. पाइप जमिनीतून, म्हणजे कोबा आणि वॉटरप्रूफिंगच्या खालून नेण्याचा मोहही टाळलेला बरा. तिथली गळती सर्वांत उशिरा कळते, आणि ती काढायची तर वॉटरप्रूफिंगच फोडावे लागते. खाच पाडताना आधी कटर मशीनने दोन समांतर रेघा कापून मधला भाग छिन्नीने अलगद काढावा. एएसी ब्लॉकची भिंत असेल तर नुसत्या छिन्नी-हातोड्याने ब्लॉकच हलतो, त्याचा सांधा सुटतो आणि प्लास्टरला भेग पडते.

नळांच्या उंचीचे आकडे ठरावीक आहेत. शॉवर सुमारे सात फुटांवर, डायव्हर्टर साडेतीन फुटांच्या आसपास, बेसिनचे अँगल कॉक जमिनीपासून पावणेदोन ते दोन फुटांवर, हेल्थ फॉसेटचा कॉक फूट-सव्वा फुटावर. गरम पाणी डावीकडे आणि थंड उजवीकडे. या सगळ्या उंची तयार जमिनीपासून मोजायच्या असतात. काम चालू असताना मात्र जमीन तयार नसते, म्हणून भिंतींवर लेव्हलची एक रेघ मारून तिथून मापे घेतात. उंचीपेक्षा जास्त चुका खोलीच्या मापात होतात. डायव्हर्टरच्या पितळी बॉडीवर प्लास्टिकचे झाकण असते आणि त्यावर कमीत कमी व जास्तीत जास्त खोलीच्या खुणा असतात. टाइलचा तयार पृष्ठभाग त्या दोन खुणांच्या मध्ये आला पाहिजे. यासाठी प्लंबरने बॉडी बसवण्याआधी गवंड्याने प्लास्टर आणि टाइल कुठपर्यंत येणार ते दाखवणारे ठिय्ये मारून दिलेले हवेत. बॉडी जास्त आत गेली तर वरचा दांडा पोचत नाही, बाहेर राहिली तर झाकणपट्टी भिंतीला टेकत नाही. दोन्ही वेळा भिंत फोडावी लागते, आणि दाबाची कोणतीही चाचणी ही चूक दाखवत नाही.

आता पाइप कशाचा घ्यायचा. पूर्वी भिंतीत जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाइप घालत. तो खिळ्याला दाद देत नाही, पण आटे पाडताना त्याचा मुलामा तिथेच खरवडला जातो आणि गंज सांध्यापासूनच सुरू होतो. बोअरचे जड पाणी असेल तर आतून क्षारांचा थर साचून छिद्र दर वर्षी बारीक होत जाते. साधा यूपीव्हीसी पाइप थंड पाण्याला उत्तम चालतो. गरम पाण्याने तो मऊ पडतो. म्हणून घरगुती कामात खरी निवड उरते ती सीपीव्हीसी आणि पीपीआर यांच्यात.

पीपीआरचे सांधे चिकटवत नाहीत. पाइपचे टोक आणि फिटिंग दोन्ही सुमारे २६० अंश सेल्सिअसच्या साच्यावर काही सेकंद तापवून एकमेकांत दाबतात आणि ते वितळून एकजीव होतात. सांधा नीट झाला तर त्याच्याइतका भरवशाचा सांधा नाही. पण जास्त वेळ तापवले किंवा जास्त दाबले तर वितळलेले प्लास्टिक आत ढकलले जाऊन छिद्र अरुंद होते, आणि ते बाहेरून दिसत नाही. भिंतीच्या अडचणीच्या कोपऱ्यात गरम मशीन धरून हे काम करायला सरावलेला हात लागतो. पीपीआर गरम पाण्याने वाढतोही जास्त, सीपीव्हीसीच्या दुपटीहून अधिक.

सीपीव्हीसीचा सांधा सोल्युशनने जोडतात. आपल्याकडे त्याचे प्लंबर सगळीकडे मिळतात, फिटिंग तालुक्याच्या दुकानात मिळते आणि दुरुस्ती सोपी जाते. आपल्या उदाहरणातल्या बाथरूमसाठी हीच निवड योग्य आहे. पाइपवर आयएस १५७७८ हा मानकाचा क्रमांक, आयएसआयचे चिन्ह आणि एसडीआर ११ किंवा १३.५ असे छापलेले असते. एसडीआर म्हणजे पाइपचा बाहेरचा व्यास भागिले भिंतीची जाडी. आकडा लहान तेवढा पाइप जाड. एसडीआर ११ चा पाइप २३ अंश तापमानाला दर चौरस सेंटीमीटरमागे सुमारे २८ किलो दाब पेलतो. प्लंबर याला नुसते २८ किलो म्हणतात, पुढेही तसेच म्हणू. पण ८२ अंश तापलेल्या पाण्याला तोच पाइप फक्त ७ किलोचा राहतो. तापमानाने ताकद पाऊण हिश्श्याने घटते, म्हणून भिंतीत गाडायच्या लाइनला एसडीआर ११ घ्यावा, १३.५ घेऊन वाचणारे पैसे फार नसतात. सोलर हीटर असेल तर आणखी सावध राहावे लागते. भर उन्हात कोणी पाणी वापरले नाही तर टाकीतले पाणी ८० अंशांच्या वर जाऊ शकते. तिथून निघणाऱ्या पहिल्या काही मीटरना धातूचा पाइप वापरून, पुढे थंड पाणी मिसळणारा व्हॉल्व्ह बसवणे सुरक्षित ठरते.

सोल्युशनचा सांधा दिसतो सोपा, पण त्याचा क्रम पाळावा लागतो. पाइप काटकोनात कापायचा, कडेचे बूर काढायचे, पुसून कोरडा करायचा आणि फिटिंगमध्ये कुठपर्यंत जाणार तिथे पेनाने खूण करायची. पाइपला बाहेरून भरपूर आणि फिटिंगला आतून पातळ थर लावून, पाव फेरा देत पाइप खुणेपर्यंत आत दाबायचा आणि अर्धा मिनिट तसाच धरून ठेवायचा. धरले नाही तर निमुळत्या सॉकेटमधून पाइप हळूच मागे सरकतो. बरोबर झालेल्या सांध्याभोवती सोल्युशनची सलग बारीक कड दिसते. कड तुटक असेल तर आतला थरही तुटक आहे असे समजावे. यूपीव्हीसीचे सोल्युशन सीपीव्हीसीला चालत नाही.

पितळी नळ जिथे लागतो तिथे पाइपलाइन सर्वांत कमजोर असते. अशा जागी आत पितळी आटे बसवलेली फिटिंगच वापरावी. नुसत्या प्लास्टिकच्या आट्यांत पितळी निपल पाना लावून आवळली, की फिटिंगला केसाएवढी चीर जाते. आट्यांना टेफ्लॉन टेप लावावी. लोखंडी पाइपच्या सवयीने सूत आणि तेलकट सफेदा लावू नये, कारण असे तेलकट पदार्थ सीपीव्हीसीला हळूहळू ठिसूळ करतात.

पाइप बसले, सांधे झाले. शेवटच्या सांध्यानंतर सोल्युशन वाळायला साधारण २४ तास द्यावेत. नेमका अवधी डब्यावर लिहिलेला असतो आणि पावसाळ्यातल्या थंड, दमट हवेत तो वाढतो. त्यानंतर चाचणी. ती किती दाबाला घ्यायची? आधी आपल्या बाथरूममध्ये रोजचा दाब किती असेल ते काढू. दर मजला तीन मीटर धरला तर दुसऱ्या मजल्याची जमीन ६ मीटरवर येते, गच्ची १५ मीटरवर. टाकीतले पाणी गच्चीच्या आणखी ३ मीटर वर, म्हणजे १८ मीटरवर. जमिनीपासून ४० सेंटीमीटरवर असलेल्या नळावर पाण्याचा स्तंभ साडेअकरा मीटरचा होतो. दहा मीटर पाणी म्हणजे एक किलो, तेव्हा नळावर दाब झाला जेमतेम सव्वा किलो.

हा आकडा पाहून बरेच जण म्हणतात, की टाकीचे पाणी रात्रभर लाइनमध्ये सोडून ठेवले आणि सकाळी भिंत कोरडी दिसली तर झाली चाचणी. ती पुरेशी नाही. सीपीव्हीसीचे सॉकेट निमुळते असल्यामुळे पाइप नुसता दाबून बसवला आणि सोल्युशन लावायचे राहून गेले, तरी तो सव्वा किलोला कधी कधी टिकून राहतो. शिवाय लाइनवर येणारा दाब नेहमी सव्वा किलोच राहील असेही नाही. शॉवरला जोर हवा म्हणून पुढे कोणीतरी प्रेशर पंप बसवतो आणि आणखी दोन-तीन किलो वाढतात. पाव फेऱ्यात बंद होणारे नळ झटक्यात बंद केले, की वाहते पाणी अडून दाबाची लाट उसळते. सेकंदाला एक मीटर वेगाने वाहणारे पाणी एकदम थांबले तर प्लास्टिकच्या पाइपमध्ये क्षणभर चार-पाच किलोंची भर पडू शकते. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्याच्या विनिर्देशांत घरातल्या पाइपलाइनला ६ किलोचा दाब आणि पंप थांबवल्यावर निदान अर्धा तास तो न घटता टिकणे, असा निकष आहे. सीपीव्हीसी पाइपच्या कंपन्या काही वेळा यापेक्षा जास्त दाब सुचवतात. घरासाठी सहा किलो आणि अर्धा तास हा किमान निकष धरून चालता येते.

चाचणीचे साहित्य साधे आहे. हाताने दांडा मारायचा टेस्टिंग पंप, त्याच्यापुढे एक बॉल व्हॉल्व्ह, आणि व्हॉल्व्हच्या पुढे लाइनच्या बाजूला दाबमापक. हा क्रम महत्त्वाचा आहे. गेज पंपावरच असेल तर पंपाचा वॉशर झिरपला तरी काटा उतरतो आणि दोष लाइनवर जातो. गेज शून्य ते दहा किलोचे घ्यावे. चाळीस किलोच्या गेजवर पाव किलोची घट डोळ्यांना दिसतच नाही. गीझर जोडलेला नसावा. त्याच्या गरम आणि थंड पाण्याच्या दोन तोंडांमध्ये एक जोडपाइप लावला, की दोन्ही लाइन एक होतात आणि एकाच वेळी तपासता येतात. बाकीच्या सगळ्या तोंडांना वॉशर लावलेले प्लग घट्ट बसवायचे.

यानंतर पाणी भरायचे, पण सावकाश. भरताना एकेका तोंडाचा प्लग सैल करून फुरफुरणारी हवा संपेपर्यंत पाणी वाहू द्यायचे. आपली मुख्य लाइन छताजवळून फिरत असल्यामुळे हवा तिथे, शॉवरच्या तोंडापेक्षाही वर, अडकून बसते. त्यासाठी वरच्या लाइनवर सर्वांत उंच जागी एक टी आणि प्लग आधीच ठेवलेला असेल तर हवा सहज निघते. हवा काढण्यात बहुतेक ठिकाणी आळस होतो, आणि चाचणी निरर्थक होते ती इथेच. याचे कारण थोडे हिशेबाने पाहण्यासारखे आहे.

आपल्या वीस मीटर लाइनमध्ये, म्हणजे सुमारे चौदा मीटर पाऊण इंची आणि सहा मीटर अर्धा इंची पाइपमध्ये, साधारण साडेचार लिटर पाणी मावते. ती शून्यापासून सहा किलोपर्यंत चढवायला पंपाने आणखी किती पाणी आत ढकलावे लागेल? पाणी दाबाने आकसत नाही म्हटले तरी चालेल. त्याच्यापोटी जेमतेम एक मिलिलिटर जाते. पाइप किंचित फुगतो, त्याच्यापोटी आणखी आठ-नऊ मिलिलिटर. एकूण दहाच्या आसपास, म्हणजे चहाचे दोन चमचे. याचा अर्थ असा, की दाबलेल्या लाइनमधून दीड मिलिलिटर पाणी बाहेर गेले तर काटा जवळजवळ एक किलोने खाली येतो. एखाद्या सांध्यातून मिनिटाला एक थेंब गळत असेल तर अर्ध्या तासात तीस थेंब, म्हणजे साधारण तेवढेच पाणी जाते. विटेत मुरून जाणारी, डोळ्यांना न दिसणारी ही गळती गेजवर सहाचे पाच करून दाखवते.

आता समजा वरच्या लाइनमध्ये अर्धा लिटर हवा राहून गेली. सहा किलोला ती दबून सातव्या हिश्श्याएवढी होते आणि स्प्रिंगसारखी पाण्याला मागून रेटत राहते. दीड मिलिलिटर पाणी गळाले की ही हवा तेवढीच पसरते आणि दाब टिकवून धरते. आता त्याच गळतीने, त्याच अर्ध्या तासात, काटा एक किलोऐवजी जेमतेम दीड दशांश किलो उतरतो. साध्या गेजवर तो हललेलाही वाटत नाही. चाचणी पास झाल्याचे सगळे मान्य करतात आणि भिंत बंद होते. लाइनमध्ये हवा आहे की नाही हे पंपाच्या दांड्यावरून ओळखता येते. पाण्याने गच्च भरलेली लाइन मोजक्या दांड्यांत सहावर जाते आणि काटा झपकन चढतो. दांडे मारूनही काटा रेंगाळत असेल तर थांबून पुन्हा हवा काढावी. कंप्रेसरने नुसती हवा भरून प्लास्टिकची लाइन तपासणे तर कटाक्षाने टाळावे. दाबलेल्या हवेत एवढी शक्ती साठते, की सांधा सुटला किंवा प्लग उडाला तर माणूस जखमी होतो.

दाब सहावर नेऊन व्हॉल्व्ह बंद केला, तरी अर्धा तास लगेच मोजायला घेऊ नये. प्लास्टिक ताणाखाली थोडे सैलावते, त्यामुळे पहिल्या पाच-दहा मिनिटांत निर्दोष लाइनचाही काटा थोडा उतरतो. दाब पुन्हा सहावर नेऊन तिथून वेळ मोजायची आणि दर पाच-दहा मिनिटांनी आकडा लिहून ठेवायचा. फक्त सुरुवात आणि शेवट पाहण्यापेक्षा मधले आकडे जास्त बोलके असतात. सैलावल्याने होणारी घट हळूहळू कमी होत थांबते, गळतीची घट मात्र त्याच गतीने चालू राहते. तापमानाचाही परिणाम होतो. खिडकीतून पाइपवर ऊन आले तर दाब वाढतो, संध्याकाळी गारवा पडला की उतरतो. म्हणून चाचणी ऊन नसताना घ्यावी आणि रात्रभर ठेवलेल्या लाइनचा सकाळचा आकडा सावधपणे वाचावा.

आपल्या बाथरूममध्ये सहा किलोवर सोडलेला काटा पाच मिनिटांत ५.७ वर आला असे समजू. पुन्हा सहावर नेला. त्यानंतर दहा मिनिटांनी ५.८, वीस मिनिटांनी ५.५ आणि तीस मिनिटांनी ५.२. उतार कमी होत नाही, थांबतही नाही. ही गळती आहे. पहिला संशय प्लगवर घ्यायचा, कारण सर्वांत जास्त वेळा तेच झिरपतात आणि ते तपासणे सोपे असते. प्रत्येक प्लगखाली कोरडा टिश्यू पेपर धरला, सगळे कोरडे निघाले. मग गीझरजवळचा जोडपाइप काढून दोन्ही तोंडे बंद केली आणि लाइन वेगवेगळ्या तपासल्या. थंड पाण्याची लाइन सहावर स्थिर राहिली, गरम पाण्याची उतरत गेली. शोध आता निम्म्यावर आला. गरम लाइनचे सगळे सांधे फडक्याने कोरडे करून त्यांच्याभोवती टिश्यू गुंडाळला. डायव्हर्टरच्या गरम तोंडापाशी तो पाच मिनिटांत ओला झाला. तिथे पितळी आट्यांच्या फिटिंगऐवजी नुसत्या प्लास्टिकची फिटिंग बसली होती आणि आवळताना तिला उभी चीर गेली होती.

अशा चिरेवर वरून सोल्युशन थापून काहीही साधत नाही. दाब काढून, लाइन रिकामी करून फिटिंग कापून टाकायची. पाइपचा लहान तुकडा, कपलर आणि पितळी आट्यांची नवी फिटिंग घालायची. ओल्या पाइपवर सोल्युशन धरत नाही, म्हणून तो भाग पूर्ण कोरडा करावा लागतो. मग पुन्हा वाळण्याचा अवधी आणि पुन्हा पहिल्यापासून अर्ध्या तासाची चाचणी. या सगळ्याला दीड-दोन दिवस जातात. टाइलवाला दारात उभा असतो आणि घाई होते ती इथे. घरमालकाने या वेळी ठाम राहावे. दुरुस्तीनंतरची दुसरी चाचणी टाळण्यासारखे कोणतेही कारण नाही.

चाचणी पास झाली की खाचा बुजवण्याआधी प्रत्येक भिंतीचे फोटो काढावेत. फोटोत उघडलेली टेप दिसली पाहिजे, एक जमिनीपासून उभी आणि एक कोपऱ्यापासून आडवी. नुसत्या पाइपच्या फोटोवरून पाच वर्षांनी माप काढता येत नाही. खाचेत पाइप क्लॅम्पने पक्का धरून, गरम पाण्याच्या पाइपला फोमची नळी चढवून, वर सिमेंट मॉर्टर भरतात. खाच आणि भिंत यांच्या सांध्यावर जाळी मारली तर तिथे भेग पडत नाही. फोमची नळी उष्णता राखते आणि पाइपला वाढायला जागाही देते. तीन मीटर सीपीव्हीसी पाइप ४० अंशांनी तापला तर साडेसात-आठ मिलिमीटर वाढतो. सगळ्या बाजूंनी सिमेंटमध्ये जखडलेल्या पाइपमध्ये हा ताण एल्बोवर जातो.

लाइनमधला दाब मात्र भिंत बंद करताना सोडून देऊ नये. गेज तसेच ठेवून दोन-तीन किलो दाब प्लास्टर, वॉटरप्रूफिंग आणि टाइलचे काम संपेपर्यंत राहू द्यावा. गवंड्याची छिन्नी पाइपला लागली किंवा कोणी खिळा ठोकला, तर काटा त्याच क्षणी शून्याकडे जातो आणि कुठे काम चालू होते हे सगळ्यांना ठाऊक असते. टाइल पूर्ण झाल्यावर, नळ बसवण्याआधी, सहा किलोची अर्ध्या तासाची चाचणी पुन्हा एकदा घ्यायची. तीही टिकली की प्लग काढून लाइन भरपूर पाण्याने धुवायची, कारण आत राहिलेला प्लास्टिकचा कीस आणि वाळू डायव्हर्टरच्या कार्ट्रिजमध्ये अडकते. मग नळ आणि गीझर जोडायचे.